तीसपैकी तेवीस

बाईंच्या हाताखालून गणितात कुणीही नापास झालेलं नव्हतं. एकतीस वर्षांत एकही नाही. शिक्षकांच्या खोलीत यावरून कुजबुज चाले की बाई पोरांना गणित शिकवत नाहीत, नुसतं घोटून घेतात. बाईंच्या कानावर ते जाई. त्या चष्मा नाकावर सरळ करत, पुढच्या तासाचा खडू उचलत आणि चालू लागत. निकाल लागला की सगळे आपोआप गप्प बसत.

त्यामुळे निवृत्तीनंतर सहा वर्षांनी घरच्याच विद्यार्थ्याला तीसपैकी अठरा पडले, तेव्हा ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

विद्यार्थी म्हणजे त्यांचा नवरा. वय एकोणसत्तर, उंची भरपूर, हात फावड्याएवढे. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. शहर त्यांना मिस्त्री म्हणे, आणि ते बायकोला बाई म्हणत. लग्नाच्या पहिल्या वर्षी चिडवायला म्हणून सुरू केलं होतं, ते अंगवळणी पडलं. माणूस बोलायला कमी, पण बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला कान लावून आत काय बिघडलंय ते सांगणारा. हाच माणूस दोन वर्षांपूर्वी एका दिवसात चार वेळा बल्ब आणायला गेला आणि चारही वेळा बल्ब घेऊन आला. बाईंनी आठ दिवस दुर्लक्ष केलं. मग ते ओळखीच्या चौकात उभं राहून ‘घर कुठल्या बाजूला’ असं पानवाल्याला विचारताना सापडले, आणि दुर्लक्ष करण्यासारखं काही उरलं नाही.

स्मृती-दवाखान्यातल्या डॉक्टर चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं रोखठोक. तपासण्या झाल्या, मेंदूचा एक विशेष स्कॅन झाला आणि त्यात अमायलॉइड नावाचा साका दिसला. डॉक्टर म्हणाल्या, हा अल्झायमर आहे. साका काढणारं औषध आता मिळतं. दर काही आठवड्यांनी शिरेतून द्यायचं. पण ते आजाराच्या सुरुवातीलाच उपयोगी पडतं, म्हणून दवाखान्याचा नियम असा की स्मृतीच्या चाचणीत तीसपैकी निदान वीस गुण हवेत. मिस्त्रींना अठरा होते.

“दोनच कमी आहेत,” बाई म्हणाल्या. वर्षानुवर्षं पालक वरच्या श्रेणीसाठी त्यांच्याकडे येऊन हेच वाक्य म्हणत, आणि बाई त्यांना दारातूनच परत पाठवत.

डॉक्टरांनी मात्र परत पाठवलं नाही. मिस्त्री रोज रात्री सर्दीची एक गोळी घेत होते, आणि तसल्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर झापड येते. गोळी बंद करा, सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊ, असं त्या म्हणाल्या. दरम्यान त्यांनी आणखी एक स्कॅन लिहून दिला.

सहा आठवडे. बाईंच्या डोळ्यांसमोर वेळापत्रकच उभं राहिलं.

चाचणीच्या वेळी सोबतच्या माणसाला मागच्या खुर्चीवर बसता येई. बोलायचं नाही आणि खाणाखुणा करायच्या नाहीत, एवढीच अट. बाईंनी दोन्ही पाळल्या होत्या. पण ऐकायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. बसमध्ये बसल्याबसल्या त्यांनी वही काढली आणि सगळे प्रश्न ओळीने उतरवून काढले. आज वार कोणता, तारीख काय, आपण कितव्या मजल्यावर आहोत. तीन शब्द ऐका आणि लक्षात ठेवा: दार, लिंबू, चाक. शंभरातून सात वजा करत चला. ते तीन शब्द आता पुन्हा सांगा. हे वाक्य म्हणा, कागद उजव्या हातात घ्या, ही आकृती काढा. कोणत्या प्रश्नाला किती गुण, हेही त्यांनी समासात लिहिलं. पेपर हातात आल्यावर शिकवायचं कसं, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

“दार, लिंबू, चाक. म्हणा.”

“दार, लिंबू, चाक.”

एक मिनिट गेलं. “काय शब्द होते?”

“कुठले शब्द?”

वर्गासमोर चेहरा कसा ठेवायचा हे बाईंना ठाऊक होतं. एक मिनिट जमत नाही तर वीस सेकंद. वीस सेकंद जमलं. मग चाळीस. मग दीड मिनिट, तीन मिनिटं, सहा. चुकले की रागवायचं नाही, बरोबर उत्तर लगेच सांगायचं, लगेच म्हणून घ्यायचं आणि मागच्या अंतरावर परत यायचं. ढ समजल्या जाणाऱ्या मुलांना त्यांनी पाढे असेच शिकवले होते. तिसऱ्या आठवड्यात अंतर अर्ध्या तासाचं झालं. पाचव्यात मिस्त्री सकाळी दाढी करताना कुणी न विचारता ‘दार, लिंबू, चाक’ म्हणू लागले. वजाबाकी तर गाण्यासारखी बसली: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट.

“हे कशासाठी चाललंय?” मिस्त्री रोज विचारत.

“परीक्षा आहे.”

“कुणाची?”

“तुमची.”

“मग तू कशाला घाबरलीयस?”

बाई यावर ‘पुन्हा म्हणा’ एवढंच सांगत. त्या घाबरलेल्या होत्याच. रात्री नवऱ्याचा श्वास ऐकत पडलं की वाटे, हा माणूस आपल्या देखत चिमटीतून निसटतोय आणि आपल्या हातात नुसती वही आहे. पण ते टेबलाशी बसल्यावर सांगण्यासारखं नव्हतं.

चाचणी घेणारा माणूस बारीक अंगाचा, गळ्यात दोरीचा चष्मा घातलेला. बाईंनी मनातल्या मनात त्याला पर्यवेक्षक म्हणायला सुरुवात केली होती. सहा आठवडे भरले त्या गुरुवारी त्याने कागद समोर ओढला आणि मजला विचारला.

“तिसरा,” मिस्त्री म्हणाले. “तुमची लिफ्ट इथे अर्धा इंच खाली थांबते. म्हाताऱ्यांचे पाय अडखळतील. बघायला सांगा कुणाला.”

पर्यवेक्षकाने हसून बरोबरची खूण केली. “आता मी तीन शब्द सांगतो. दार, लिंबू, चाक.”

बाईंनी पदर मुठीत आवळला. शब्द तेच होते. पुढचं सगळं घोटल्याप्रमाणे झालं. सातांची वजाबाकी तर मिस्त्रींनी इतक्या झपाट्याने म्हटली की पर्यवेक्षकाची पेन्सिल मधेच थबकली. पाच मिनिटांनी शब्द परत विचारले, तेव्हा मिस्त्रींनी ते हजेरी द्यावी तसे ठणठणीत आवाजात सांगितले. स्वतःच्या मनाचं एक वाक्य लिहा, असं म्हटल्यावर त्यांनी लिहिलं, ‘माझी बायको मागे बसली आहे.’

तीसपैकी तेवीस पडले.

बाईंनी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच लेकीला फोन लावला. “बाबा पास झाले गं,” एवढं म्हणून त्या रडू लागल्या. तिकडे लेकही रडायला लागली. मिस्त्री शेजारी उभे राहून उघडबंद होणाऱ्या दाराकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. टेबलावर औषधासाठीचा संमतीचा कागद होता आणि पडद्यावर मेंदूची दोन चित्रं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी होती.

“गुण छान आलेत,” त्या म्हणाल्या. “सर्दीची गोळी थांबल्याचा फायदा झाला असणार. पण नवा स्कॅन मला काही वेगळंच सांगतोय. गुण आणि चित्र यांचं जुळत नाहीये. म्हणून सही घेण्याआधी नीट समजावून सांगते.”

“सांगा,” बाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली.

“मेंदूच्या पेशीच्या अंगावर एक लांब प्रथिन असतं. ते कापलं जातं आणि त्याचा एक तुकडा बाहेर सुटतो. एरवी हे तुकडे वाहून जातात. या आजारात ते राहतात, एकमेकांना चिकटतात आणि पेशींच्या बाहेर त्यांचे गोळे साचतात. तेच अमायलॉइड. विसरभोळेपणा दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून ते साचत असतं.” त्यांनी पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. “आता दुसरं. पेशीला एक लांब शेपूट असते. पेशीला लागणारं सामान त्या शेपटीतून ये-जा करतं. त्यासाठी आत बारीक रूळ असतात, आणि ते रूळ जागच्या जागी धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे टाऊ.”

“ब्रॅकेट,” मिस्त्री म्हणाले.

दोघी बायका त्यांच्याकडे वळल्या. आतापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

“लिफ्टची गाडी रेलवर चालते. रेल भिंतीला ब्रॅकेटने धरलेली असते.” फावड्याएवढे हात हवेत रेल दाखवत होते. “ब्रॅकेट सुटले की रेल हलते. मग गाडी अडकते.”

“अगदी तेच,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांची आठी गेली. “टाऊ सुटतं आणि पेशीच्या आतच एकमेकांना पीळ घालून त्याचे गुंते बनतात. रूळ मोडतात, सामान पोचत नाही, पेशी मरते. हे आधी कानशिलाच्या आतल्या भागात होतं. नव्या आठवणी तिथे तयार होतात. मग ते पसरत जातं. माणूस किती विसरतो, हे बाहेरच्या अमायलॉइडपेक्षा आतल्या गुंत्यांवरून जास्त नीट कळतं.”

“आणि तुमचं औषध?” मिस्त्रींनी विचारलं.

“ते बाहेरचं अमायलॉइड काढतं.”

“म्हणजे लिफ्टखालचा खड्डा झाडून देता.” मिस्त्रींनी जरा विचार केला. “खड्डा साफ पाहिजेच. कचरा साचून साचूनच एक दिवस काम बिघडतं. पण रेल सुटल्यावर नुसता खड्डा झाडून गाडी वर चढत नाही.”

“मोठमोठ्या कंपन्यांना हे कळायला वीस वर्षं लागली,” डॉक्टर म्हणाल्या. “कितीतरी औषधं आली. काहींनी अमायलॉइड बऱ्यापैकी काढलं, तरी माणसं होती तशीच घसरत राहिली. काही औषधांनी तर आणखी बिघडवलं. अमायलॉइड टाऊला चिथावतं असं दिसतं, पण टाऊ एकदा पसरायला लागलं की ते आपल्या बळावर चालतं. हे नवं औषध अमायलॉइड जवळजवळ पुसून काढतं, आणि तरीही घसरण थांबत नाही. दीड वर्षात ती पाव ते तिसरा हिस्सा मंदावते, बस. तीही ज्यांच्यात टाऊ अजून फार पसरलेलं नाही, त्यांच्यात जास्त.”

“मग ब्रॅकेटचंच औषध द्या,” बाई म्हणाल्या.

“नाही हो अजून. टाऊ पेशीच्या आत बसलेलं, आणि आजवर जी औषधं वापरून बघितली ती आत शिरत नाहीत. एका पेशीतून दुसरीत जाताना जेवढं वाटेत सापडेल तेवढंच धरतात. त्या बहुतेक चाचण्या फसल्या. पेशीला टाऊच कमी बनवायला लावणारी औषधं आता तपासतायत. होईल काहीतरी, पण आज माझ्या कपाटात ते नाही.”

मग त्यांनी दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. कानशिलांपासून मागे डोक्याच्या टोकापर्यंत लाल रंग पसरला होता आणि पुढे कपाळाकडेही सरकू लागला होता.

“हे यांचं टाऊ. एवढं पसरलेलं असताना मी एरवी औषध देत नाही. शिवाय दोन गोष्टी आहेत. अमायलॉइड मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही बसतं. औषध ते तिथून ओढून काढतं, तेव्हा भिंती झिरपतात. मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतात. यांना आई आणि वडील दोघांकडून जो जनुक आलाय, तो असलेल्यांत तिघांतल्या एकाला तरी असं होतं. बहुतेकांना जाणवत नाही, काहींना झटके येतात, क्वचित कुणी दगावतं. आणि यांच्या मेंदूत आधीच तीन बारीक रक्तस्राव दिसतायत. चारच्या वर असते तर विषयच संपला असता.”

“पण तुम्ही कागद तर काढलाय,” बाई म्हणाल्या.

“तेवीस गुणांमुळे. काही माणसांचा मेंदू दणकट असतो. आत गुंते असूनही काम चालवून नेतो. यांना खरोखर तेवीस पडत असतील, तर वाचवण्यासारखं अजून बरंच आहे, आणि मी धोका पत्करायला तयार आहे. सोमवारी पहिली बाटली लावू. सगळं त्या तेविसावर उभं आहे.”

त्यांनी पेन पुढे केलं.

बाईंनी ते घेतलं. कागदावर ओळ होती, ‘स्मृती-चाचणीतील गुण: २३’. आकडा त्यांच्या ओळखीचा होता. हाताने घडवलेला होता, घासूनपुसून चकचकीत केलेला होता. सही केली की सोमवारी बाटली. लेकीला सांगून झालं होतं. गोळी थांबल्यामुळे गुण वाढले, हे कारण तर खुद्द डॉक्टरांनीच त्यांच्या हातात आणून दिलं होतं. खोटं बोलायचंही काम नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

पण आयुष्यभर त्यांनी गुण देण्याचंच काम केलं होतं. त्यांनी जन्मात कधी कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता, कारण त्या गुणाच्या जोरावर पोराला पुढच्या वर्गात ढकललं की ते तिथे बुडतं. इथे तर वर्ग नव्हता, मेंदू होता. आपल्याला औषध हवं होतं की नवरा, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“डॉक्टर, पेपर फुटला होता.”

“काय?”

“मी फोडला. पहिल्या वेळी मागे बसून सगळे प्रश्न उतरवून घेतले आणि सहा आठवडे घोटून घेतले. ते गुण यांचे नाहीत.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. “कुठले कुठले?”

“सगळेच,” बाई म्हणाल्या. “मजला सोडून. मजला यांचा स्वतःचा आहे.”

“अहो, सोमवारी मी यांना… तुम्हाला कळतंय का काय झालं असतं?”

“आत्ता कळलं, म्हणून तर सांगितलं.” बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा ताठ होता. “रागवायचं असेल तर रागवा. मी पोरांना याहून बारीक गोष्टीवरून बाकावर उभं केलंय.”

डॉक्टरांनी रागावण्याऐवजी पर्यवेक्षकाला बोलावलं. ऐकता ऐकता तो कानापर्यंत लाल झाला. चाचणीचे दोन संच असतात, दुसऱ्या वेळी शब्द बदलायचे असतात. त्या गुरुवारी दुसऱ्या संचाचे छापील कागद संपले होते आणि ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून त्याने पहिलाच संच पुन्हा वापरला होता. नवऱ्याला सहा आठवडे शिकवून आणणारी बायको त्याला कधी भेटलीच नव्हती. त्याने निमूटपणे दुसरा संच आणला आणि शेजारच्या खोलीत मिस्त्रींची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी शब्द वेगळे होते, आणि वजाबाकीऐवजी एक शब्द उलटा सांगायचा होता. मिस्त्रींनी मधेच दोनदा ‘दार, लिंबू, चाक’ असं ठासून सांगितलं.

पंधरा गुण पडले. मजला बरोबर होता.

डॉक्टरांनी संमतीचा कागद फाडला नाही, नुसता घडी करून बाजूला ठेवला. “औषध नाही द्यायचं,” त्या म्हणाल्या. “यात फायदा कमी आणि धोका जास्त. या आजाराच्या नेहमीच्या जुन्या गोळ्या देत राहू, त्या थोडा टेकू देतात. रक्तदाब, कान, झोप, चालणं, सगळं मी बघेन. तुम्ही इथे येत राहायचं. मी दार लावून घेतलेलं नाही.”

बाईंनी मान डोलावली. आता त्यांना घरी जाऊन दार लावून रडायचं होतं. पण पर्यवेक्षक टेबलावरची त्यांची वही हातात घेऊन उभा होता.

“एक विचारू? ज्या माणसाला एक मिनिटापूर्वीचं आठवत नाही, त्याच्या डोक्यात हे तीन शब्द महिनाभर राहिले कसे? तुम्ही केलंत काय नक्की?”

बाईंनी सांगितलं. वीस सेकंद, चाळीस, दीड मिनिट. चुकू द्यायचं नाही, चुकलेच तर एक पाऊल मागे.

“आम्ही लोकांना हे पैसे घेऊन शिकवतो,” तो म्हणाला. “नवी आठवण साठवायची जागा यांची खराब झालीय. पण सवय बसते ती वाट वेगळी, ती अजून बरीच शाबूत आहे. सायकल चालवता येते ना, तसं. या वाटेनं थोडंच सामान नेता येतं आणि वेळ फार लागतो. पण जे पोचतं ते टिकतं. आणि तुम्ही या वाटेनं लिंबू नेलंत.”

बाईंना हसू आलं नाही. त्यांना त्याचा रागच आला, आणि दुसऱ्याच क्षणी त्या हिशेबाला लागल्या. सहा आठवड्यांत एवढं, म्हणजे वर्षात किती? लेकीचा फोन नंबर, घराचा पत्ता, गॅस बंद करणं, न्हाणीघराचं दार. त्यांनी वही परत घेतली आणि उभ्याउभ्याच यादी लिहायला सुरुवात केली.

“यांना विचारा की,” डॉक्टर म्हणाल्या.

“काय?”

“काय शिकायचंय ते.”

बाईंची पेन्सिल थांबली. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता. त्या मिस्त्रींसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“अहो, आता मी तुम्हाला दुसरं काहीतरी शिकवणार आहे. हळूहळू, रोज थोडं. तुम्हाला काय यायला हवंय?”

मिस्त्रींनी आधी दाराकडे पाहिलं.

“घरी एकजण आला होता,” ते म्हणाले. “कधी ते माहीत नाही. हसत होता माझ्याकडे बघून. मी नुसता बघत राहिलो. त्याचा चेहरा पडला, बाई. मी चाळीस वर्षं लोकांच्या दारात गेलो. मला कुणी असं ताटकळत ठेवलं नाही. या बसा म्हणायचे.” त्यांनी तळहात गुडघ्यांवर घासले. “आता हे वाढत जाणार ना? मग मला एक वाक्य शिकव. माफ करा, मी तुम्हाला ओळखलं नाही, पण बसा.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. अक्षर वाकडं आलं.

दुसऱ्या दिवसापासून टेबलाशी वर्ग भरू लागला. वाक्य लांब होतं, म्हणून तीन तुकडे केले. आधी ‘पण बसा’, मग ‘ओळखलं नाही’, मग ‘माफ करा’. वीस सेकंद, चाळीस, दीड मिनिट. दार वाजलं की म्हणायचं, अनोळखी चेहरा दिसला की म्हणायचं. बाई स्वतःच बाहेर जाऊन बेल वाजवत आणि पाहुणी होऊन आत येत. मिस्त्रींना त्याची गंमत वाटे. “तुला तर ओळखतो मी,” ते म्हणत, आणि बाई दटावत, “नाटकात नाही ओळखत. म्हणा.” दोन महिन्यांत दूधवाला, मीटर बघणारा, वरच्या मजल्यावरचं जोडपं, सगळ्यांना ते वाक्य मिळालं. कुणी ओशाळलं नाही. जो तो बसला, दोन गोष्टी बोलला आणि चहा पिऊन गेला. ज्यांनी येणं सोडलं होतं, ते पुन्हा यायला लागले. घर पुन्हा माणसांचं झालं. बाई लेकीला फोनवर सांगत की तुझ्या बाबांनी या वर्षी नाव काढलं, आणि त्यात थट्टा फार थोडी असे.

आजार आपल्या गतीने पुढे चालला होता. डॉक्टरांनी चित्रावर जे दाखवलं होतं, ते सगळं एकेक करून घरात उतरलं. आधी तारखा गेल्या, मग बटणं, मग लेकीचं नाव. बाई दर तीन महिन्यांनी त्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन जात आणि डॉक्टरांना खरे गुण सांगत.

चौदा महिन्यांनी, एका साध्या सकाळी, बाई न्हाऊन बाहेरच्या खोलीत आल्या. मिस्त्री खिडकीजवळ बसले होते. पावलांच्या आवाजाने त्यांनी मान वळवली आणि बाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर एक अदबशीर, परकं हसू होतं. नव्या इमारतीच्या मालकाकडे बघून ते पूर्वी तसं हसत. बाईंनी ते कितीदा दुरून पाहिलं होतं, पण स्वतःच्या वाट्याला कधीच आलं नव्हतं.

मिस्त्री गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“माफ करा,” ते म्हणाले, “मी तुम्हाला ओळखलं नाही. पण बसा.”

हा दिवस येणार हे बाईंना ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचा काडीचा उपयोग झाला नाही. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. शब्द एकही चुकला नव्हता. मिस्त्रींनी समोरची खुर्ची ओढून दिली, धूळ पुसल्यासारखा तिच्यावरून हात फिरवला आणि वाट बघत उभे राहिले. बाई बसल्या.